‘हाव… मंग?’

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. माझी आत्या अशाच एका ले-आउटमध्ये तळमजल्यावर एकटी राहते. त्या पहाटेची हकीकत तिने माझ्यासमोर दोनदा सांगितली आणि दोन्ही वेळची ध्वनिमुद्रणे माझ्याकडे आहेत. पहिली ऑक्टोबरमधली आहे. ती आत्याने मला सांगितली आणि ती चार मिनिटांत संपली. दुसरी दिवाळीतली आहे. तेव्हा उमरेडहून आलेल्या तिच्या चुलत बहिणीला ती सांगत होती, मी बाजूला बसून फोन चालू ठेवला होता, आणि ती जवळजवळ नऊ मिनिटे चालली. घटना तीच, सांगणारी तीच, घरही तेच. तरीही पहिली हकीकत ऐकताना पाणी किती चढले होते एवढेच कळते, आणि दुसरी ऐकताना आजही माझा श्वास अडकतो.

शहरातील वयस्क माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्या लिहून काढण्याचे काम मी गेली काही वर्षे करते आहे. हे काम शिकताना मला जे पहिले नियम सांगितले गेले त्यांत एक असा होता की, बोलणाऱ्याच्या मध्ये स्वतःचा आवाज येऊ द्यायचा नाही. ‘हं’, ‘हो का’, ‘अच्छा’ हे ऐकणाऱ्याचे उद्गार ध्वनिमुद्रणात समोरच्याच्या शब्दांवर चढतात आणि नंतर तो भाग सुटा काढता येत नाही, म्हणून मान हलवावी पण तोंड बंद ठेवावे. ध्वनीच्या दृष्टीने हा सल्ला योग्यच आहे. ऑक्टोबरमध्ये मी तो कसोशीने पाळला. आत्या दिवाणावर बसून मेथी निवडत बोलत होती, तिची नजर हातातल्या काड्यांवर होती आणि मी हलवलेली मान तिला दिसत नव्हती. माझेही अर्धे लक्ष फोनच्या पडद्यावरच्या आवाजाच्या रेषेकडे आणि वहीत मिनिटे टिपण्याकडे होते. म्हणजे आत्याच्या बाजूने पाहिले तर त्या चार मिनिटांत खोलीत ऐकणारे कोणी नव्हते.

हकीकतीचा कळसाचा प्रसंग असा. पहाटे साडेचारच्या सुमारास मोरीतून गटाराचे पाणी उलटे घरात येऊ लागले, आत्या जागी झाली तेव्हा पाणी पोटरीपर्यंत होते, आणि फ्रीज पाण्यात सापडेल म्हणून त्याची वायर काढायला ती तशीच पाण्यातून गेली. इन्व्हर्टर जमिनीलगत होता, वीजप्रवाह चालू होता. तिचा हात बटनापाशी पोहोचला त्याच क्षणी जिन्यातून वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचा मुलगा ओरडला आणि तिचा हात थांबला. पहिल्या ध्वनिमुद्रणात ही जागा अशी आहे:

‘फ्रीजचं बटन बंद कराले गेले मी. तं तो वरचा पोरगा वरडला. मंग नाही लावला हात. म्हणजे… लावणारच होते, पण लावला नाही. करंट होता नं त्याच्यात. वाचले म्हणा. म्हणजे लावला असता तं… असं झालं. पाणी मंग उतरलं दुपारी.’

तिने सांगायचे ते सारे या ओळींत सांगून टाकले आहे, पण हकीकत इथे संपत नाही, नुसती थांबते. थांबल्यावर पुन्हा सुरू होते, तेच वाक्य उलटसुलट करून सांगते, कारण देते, ‘वाचले म्हणा’ असा निष्कर्ष आपणच काढते आणि शेवटी ‘असं झालं’ म्हणून स्वतःच हात झटकून उठते. त्या वेळी मला वाटले की आत्या आता थकली आहे, वयही झाले आहे. दुसरे ध्वनिमुद्रण हाती नसते तर माझे हे मत तसेच राहिले असते आणि मी तिच्यावर अन्याय केला असता.

दिवाळीतल्या ध्वनिमुद्रणातील तीच जागा मी शब्दशः उतरवून देते. कंसातील शब्द बहिणीचे आहेत.

‘फ्रीज आहे नं आपला, (हं) त्याच्या मागं खाली बटन आहे. (हं हं) तं मी म्हटलं हे बंद करावं पहिले. (हाव) अन् पाण्यातूनच गेले मी. (अवो!) हाव नं, पायात काही नाही, काही नाही. (माय गंऽ) अन् हात असा नेला नं, (ताई…) असा, बटनापर्यंत, अन् वरून तो पोरगा वरडला, “काकूऽऽ, हात नका लावू!” (अगंबाई!) तसाच राहिला हात.’

यानंतर दोघीही काही बोलत नाहीत. साधारण दीड सेकंद शांतता आहे. मग बहीण अगदी खालच्या आवाजात ‘हं’ म्हणते आणि आत्या तिला दुपारी पाणी कसे उतरले ते सांगू लागते.

‘वाचले’ हा शब्द यात कुठेही नाही. त्याची गरज उरली नाही, कारण ‘माय गं’ आणि ‘अगंबाई’ यांनी तो बहिणीच्या बाजूने आधीच उच्चारला होता. पहिल्या वेळी ऐकणारीकडून धोका ओळखला गेल्याची कोणतीही खूण न मिळाल्यामुळे आत्याला तो धोका स्वतःच समजावून सांगावा लागला. एकदा सांगितल्यावरही पलीकडून काही न आल्यामुळे पुन्हा सांगावा लागला.

माझ्या अनुभवाशी जवळजवळ जुळणारा एक प्रयोग कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बेव्हलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता; त्याचा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसांच्या जोड्या बसवून त्यांतील एकाने स्वतःवर बेतलेल्या पण थोडक्यात निभावलेल्या प्रसंगाची हकीकत दुसऱ्याला सांगायची, असा तो प्रयोग होता. काही जोड्यांत ऐकणाऱ्याला गुपचूप एक वेगळे काम दिले होते: बोलणाऱ्याच्या तोंडून ‘टी’ या अक्षराने सुरू होणारे शब्द आले की ते मोजायचे. हे श्रोते कान देऊन ऐकत होतेच, किंबहुना एकेक शब्द टिपत होते. फक्त हकीकत ऐकत नव्हते. परिणाम असा झाला की त्यांचे उद्गार कमी झाले आणि सांगणाऱ्यांच्या हकीकती बिघडल्या. सर्वांत जास्त बिघडला तो शेवट, म्हणजे जिथे प्रसंग टिपेला पोहोचायला हवा तीच जागा. सांगणारे तिथे अडखळले, घुटमळले, किंवा हा प्रसंग जीवघेणा का होता याचे स्पष्टीकरण देत बसले. हे वाचले तेव्हा मला वहीत मिनिटे टिपणारी मी आठवले.

या संशोधकांनी ऐकणाऱ्याच्या उद्गारांचे दोन प्रकार केले होते, आणि मराठीत ते सहज ओळखू येतात. ‘हं’, ‘हाव’, ‘बरं’ हे कोणत्याही वाक्यानंतर चालतात. हकीकतीत काय चालले आहे याच्याशी त्यांचा थेट संबंध नसतो. ‘अवो’, ‘माय गं’, ‘अगंबाई’, ‘ताई…’ हे मात्र त्या-त्या जागीच बसतात. ‘फ्रीज आहे नं आपला’ यानंतर कोणी ‘माय गं’ म्हटले तर सांगणारी गोंधळून थांबेल. लक्ष दुसरीकडे असताना पहिल्या प्रकारचे उद्गार कसेबसे देता येतात, दुसऱ्या प्रकारचे देता येत नाहीत. फोनवर बोलताना समोरचा माणूस दुसरेच काही वाचतो आहे हे आपण कशावरून ओळखतो? तो गप्प असतो म्हणून नव्हे. तो ‘हं… हं…’ करीत असतो, पण सगळे ‘हं’ सारख्याच सुरातले आणि सारख्याच अंतराने आलेले असतात, आणि ‘अगंबाई’च्या जागीही ‘हं’च येते.

तरीही साध्या ‘हं’ला कमी लेखू नये. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये इंग्रजी संभाषणातील ‘अ-हं’वर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की, हा उद्गार ‘मी ऐकतो आहे’ किंवा ‘मला कळले’ एवढ्यापुरता नाही. बोलणारा एखाद्या वाक्याच्या टोकाशी येतो तेव्हा बोलायची पाळी बदलण्याची संधी निर्माण होते; ऐकणारा तिथे प्रश्न विचारू शकतो, चूक दाखवू शकतो, स्वतःची गोष्ट सुरू करू शकतो. ‘हं’ म्हणून तो ही संधी सोडून देतो आणि सांगतो, तुझे अजून संपलेले नाही हे मला ठाऊक आहे, पुढे चल. पूर्ण गप्प राहणे म्हणजे संधी सोडणे नव्हे, कारण गप्प राहणाऱ्याला काय म्हणायचे आहे ते कळत नाही. त्याला पटले नाही, समजले नाही, की तो उठून जायच्या बेतात आहे, हे बोलणाऱ्याने ठरवायचे राहते. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्या आज्या हे जाणून होत्या. ‘हूं म्हण, नाही तर सांगत नाही’ अशी माझ्या आजीची अट असे. अंधारात पोर झोपले की जागे आहे, हे तिला त्या हुंकारावरूनच कळे. पोवाड्यात शाहिरामागचे झीलकरी ‘जी जी’ म्हणतात ते मला याच हुंकाराचे सुरात बांधलेले रूप वाटते.

आता आत्याच्या बाजूकडे येते. दिवाळीच्या उताऱ्यात बहिणीचे हुंकार कुठे आले आहेत हे पुन्हा पाहावे. पहिला ‘फ्रीज आहे नं आपला’ यानंतर आला आहे. या वाक्यातून आत्या बहिणीला फ्रीज असल्याची बातमी देत नाही. बहीण तो फ्रीज कित्येक वर्षे पाहत आली आहे. पुढचे सारे ज्या वस्तूभोवती घडणार आहे ती बहिणीच्या डोळ्यांसमोर उभी राहिली की नाही, एवढेच ती ‘नं’ने विचारते. बहीण ‘हं’ म्हणते, म्हणजे राहिली, आणि मगच आत्या बटनाकडे जाते. ‘आहे ना’ची ही योजना सगळ्या मराठीत आहे: ‘तो चौक आहे ना, तिथून डावीकडे वळा.’ पावती मिळाली नाही तर बोलणारा खुलासा वाढवतो: बडकस चौक, चिटणीस पार्काच्या अलीकडचा, जिथे आपण मागे भेटलो होतो तो. ऑक्टोबरच्या ध्वनिमुद्रणात आत्याने मोरीचे वर्णन तीन वेळा केले आहे, आणि मी त्याच मोरीत पाय धुऊन लहानाची मोठी झाले आहे. तिच्या प्रत्येक ‘नं’नंतर मी गप्प होते, म्हणून प्रत्येक वेळी तिने आणखी एक खूण दिली.

‘तं’चे काम वेगळे आहे. नागपुरी बोलीतले हे ‘तं’ म्हणजे प्रमाण मराठीतले ‘तर’. ते वाक्याच्या मध्ये असते तेव्हा अट किंवा विरोध दाखवते, पण सुरुवातीला आले की ‘मी मूळ वाटेवर परतले’ अशी खूण करते. बटन कुठे आहे हा आडवळणाचा भाग संपला, ‘तं मी म्हटलं’, आता पुन्हा घटना. ‘मंग’ मात्र घटनेच्या पुढच्या पायरीवर नेते, आणि म्हणूनच ऐकणारीने ‘मंग?’ म्हटले की ती पुढची पायरी मागते. आत्या हकीकत सुरू करताना ‘मी का नाही, त्या दिवशी…’ असे म्हणते. पुण्याकडे ज्याला ‘किनई’ म्हणतात त्याचेच हे वऱ्हाडी रूप आहे, आणि त्याचा ‘नाही’शी आता काही संबंध उरलेला नाही, मोठे काही सांगायचे आहे, जागा मोकळी करून द्या, अशी ती विनंती आहे.

हे सारे इतके बारकाईने का घडते, हे वेळेच्या हिशेबावरून कळते. दहा भाषांतील प्रश्नोत्तरांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. मराठी त्यात नव्हती. जपानी, कोरियन, लाओ, डच, इटालियन अशा एकमेकींपासून दूरच्या भाषा होत्या. एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांतले सरासरी अंतर या भाषांत सेकंदाच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढे निघाले, आणि भाषाभाषांतला फरकही फारच थोडा होता. उलट समोरच्या चित्रातील वस्तूचे साधे नाव मनात जुळवून उच्चारायलाच माणसाला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचे वाक्य संपायची वाट पाहत बसलेला माणूस वेळेवर बोलूच शकणार नाही. वाक्य कुठे संपणार हे त्याला आधीच ओळखावे लागते आणि आपले उत्तर आधीच जुळवायला घ्यावे लागते. उत्तर तयार नसेल तर ‘अं…’ किंवा ‘म्हणजे…’ टाकून जागा धरून ठेवावी लागते, नाही तर तेवढ्या शांततेचाही अर्थ लावला जातो. ‘येतेस का?’ या प्रश्नानंतर अर्धा सेकंद काही न आल्यास विचारणाऱ्याला नकार ऐकू येऊ लागतो.

व्हिडिओ कॉलवर आत्याचा मुलगा बंगळूरहून बोलतो तेव्हा हा हिशेब कोलमडताना दिसतो. आवाज पोहोचायला थोडा उशीर होतो, म्हणून मुलाचा ‘हं’ आत्याच्या वाक्याच्या टोकावर न येता पुढच्या वाक्याच्या मध्ये येतो. आत्याला वाटते की त्याला काही बोलायचे आहे, ती थांबते. तो तिला थांबलेली पाहून ‘बोल, बोल’ म्हणतो आणि तेही उशिरा पोहोचते. फोन स्पीकरवर असेल तर आणखी अडचण होते, कारण प्रतिध्वनी टाळण्यासाठी बरेच फोन एका वेळी एकाच बाजूचा आवाज ठळकपणे जाऊ देतात आणि हळू आवाजातला हुंकार पलीकडे पोहोचतच नाही. आत्या दर दोन वाक्यांनी ‘ऐकून राहिला नं?’ म्हणू लागली की मी फोन स्पीकरवरून काढून तिच्या कानाला लावायला देते. पुष्कळदा तेवढ्याने तिचे बोलणे पूर्ववत होते.

‘अं’विषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आत्याने ‘इन्व्हर्टर’ हा शब्द उच्चारण्याआधी दोन्ही वेळा ‘ते… अं…’ म्हटले आहे. मी ते ‘शब्द आठवेना’ या सदरात टाकून पहिल्या मसुद्यातून काढले होते. जेनिफर अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांची नजर कुठे वळते ते टिपले होते. बोलणारा नामाआधी अडखळला की श्रोत्यांची नजर आधी उल्लेख झालेल्या वस्तूकडे न जाता अजून नाव न घेतलेल्या वस्तूकडे वळायची, कारण अडखळणे बहुधा नव्या गोष्टीच्या आधीच येते हे ऐकणाऱ्यांना सरावाने ठाऊक असते. आत्याचा ‘अं’ मुद्दाम केलेला नव्हता, पण तिच्या बहिणीसाठी त्याने एवढे सांगितले असणार की आता येणारी वस्तू ही मघाचा फ्रीज नव्हे.

सगळेच असे शब्द काम करतात, असे माझे म्हणणे नाही. माझ्या संग्रहात एक गृहस्थ आहेत, ते प्रत्येक वाक्याच्या आधी ‘काय आहे’ म्हणतात. प्रसंग कोणताही असो, वाक्य सोपे असो वा अवघड, ‘काय आहे’ येतेच. ते काढले तर त्यांचे बोलणे मोकळे होते आणि काही हरवत नाही. मी आता दोन गोष्टी पाहते. एक, तो शब्द काढून वाक्य पुन्हा ऐकले तर ऐकणाऱ्याचा पुढचा उद्गार निराधार होतो का. आत्याचे ‘नं’ काढले की बहिणीचे ‘हं’ कशाला आले ते कळत नाही, त्या गृहस्थांच्या ‘काय आहे’ला मात्र कोणी कधी उत्तर दिलेले नाही. दुसरे, तो शब्द सर्वत्र सारखा विखुरलेला आहे की ठरावीक जागी दाट होतो. आत्याचे ‘नं’ नव्या माणसाच्या, जागेच्या किंवा वस्तूच्या पहिल्या उल्लेखाशी गर्दी करतात आणि पाणी उतरल्यानंतरच्या भागात जवळजवळ नाहीसे होतात.

भाषणात किंवा आकाशवाणीवर हेच शब्द खटकतात, तेही स्वाभाविक आहे. तिथे ‘ना’ विचारले जाते आणि उत्तर द्यायला कोणी नसते. ऐकणाऱ्याला पावती मागितली जाते पण ती पोहोचवायची सोय नसते. छापील मजकुराचेही थोडेफार असेच आहे, आणि माझी खरी अडचण तिथे आहे. आत्याची हकीकत कुटुंबापुरत्या एका छोट्या पुस्तिकेत घ्यायची आहे. सगळे ‘हं’ आणि ‘नं’ ठेवले तर वाचणाऱ्याला ते दळण वाटेल, सगळे काढले तर ऑक्टोबरची हकीकत उरेल.

ध्वनिमुद्रणाची अडचण मी बरीच सोडवली आहे. आता बोलणाऱ्याच्या गळ्याशी, पदराला किंवा कॉलरला छोटा माइक लावते, त्यामुळे माझा हुंकार दूरचा आणि पुसट येतो आणि मला तोंड बंद ठेवावे लागत नाही. वही घेत नाही, पडद्याकडे पाहत नाही. मिनिटे नंतर घरी मोजता येतात. लिहिण्याची अडचण शिल्लक आहे. आत्याच्या उताऱ्यात मी बहिणीचे बहुतेक ‘हं’ गाळले, ‘फ्रीज आहे नं आपला’ नंतरचा पहिला ठेवला, ‘अवो’, ‘माय गं’, ‘ताई…’ आणि ‘अगंबाई’ तसेच ठेवले, आणि आत्याचे प्रत्येक ‘नं’ जिथे त्याला पावती मिळाली आहे तिथे राहू दिले. ‘तसाच राहिला हात’ यानंतरचा दीड सेकंद कसा लिहावा हे ठरत नव्हते. तीन टिंबे दिली तर आत्याच अडखळल्यासारखी वाटत होती, ‘दोघी गप्प झाल्या’ असे लिहिले तर मीच मध्ये बोलल्यासारखे होत होते. मुद्रिताच्या शेवटच्या प्रतीत मी तिथे एक ओळ कोरी सोडली आहे आणि तिच्याखाली बहिणीचे ते खालच्या आवाजातले ‘हं’ एकटेच ठेवले आहे. आत्याला वाचून दाखवले तेव्हा त्या कोऱ्या ओळीशी मी थांबले, आणि ‘हं’ मी वाचण्याआधी तीच म्हणाली.